बाजार पंचेचाळीस मिनिटे का थांबतो?

२३ मार्च २०२० या सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास देवगडहून माझ्या मामेभावाचा फोन आला. तो आंबा बागायतदार आहे आणि हापूसच्या हंगामात हाती येणाऱ्या पैशांतला थोडा भाग काही वर्षांपासून शेअरमध्ये ठेवत आला आहे. टाळेबंदीमुळे पेट्या वाशीच्या बाजारात कशा पोहोचणार या घोरात तो आधीच होता, आणि त्यात मोबाइलवरचे भाव एकाएकी जागच्या जागी थिजले होते. "काय रे, माझो फोन बिघडलो की काय? भाव हलना, ऑर्डर पण जायना," असे तो म्हणाला. त्याचा फोन ठीक होता. ९ वाजून ५८ मिनिटांनी सेन्सेक्स आदल्या व्यवहार दिवसाच्या तुलनेत दहा टक्के खाली आला होता, आणि त्या क्षणी मुंबई शेअर बाजार व राष्ट्रीय शेअर बाजार या दोन्ही ठिकाणचे शेअरचे आणि शेअरवर आधारित वायदे-ऑप्शनचे व्यवहार नियमानुसार आपोआप थांबले होते. या व्यवस्थेला सर्किट ब्रेकर म्हणतात. घरातल्या वीजपुरवठ्यात दोष आला की जो खटका पडतो, त्यावरूनच हे नाव आलेले आहे.

भारतात ही व्यवस्था शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने २००१ साली लागू केली आणि २०१३ मध्ये तिच्या वेळा व मोजमाप बदलून आजचे रूप दिले. तिचा गाभा सोपा आहे. सेन्सेक्स किंवा निफ्टी ५० यांपैकी जो निर्देशांक आधी १०, १५ किंवा २० टक्क्यांची रेषा ओलांडेल, त्यावरून सगळ्या देशाचा बाजार थांबतो. ही टक्केवारी त्या दिवशी बाजार कुठे उघडला यावरून मोजत नाहीत, ती आदल्या व्यवहार दिवसाच्या बंद पातळीवरून मोजतात. त्यामुळे रेषा नेमकी कुठे आहे, हे सकाळी बाजार उघडण्यापूर्वीच कोणालाही कागदावर काढता येते. नियम चढ आणि उतार या दोहोंना सारखाच लागू असतो. १८ मे २००९ रोजी, लोकसभेच्या निकालानंतरच्या पहिल्या व्यवहार दिवशी, बाजार वर उसळल्यामुळे दोनदा थांबला आणि दुसऱ्यांदा दिवसभरासाठी बंदच झाला. चढाच्या वेळी मात्र कोणी घाबरून फोन करत नाही, म्हणून पुढचे सगळे विवेचन घसरणीचे आहे.

मामेभावाच्या त्या फोनच्या दहा दिवस आधीचा शुक्रवार, म्हणजे १३ मार्च २०२०, हे नियम प्रत्यक्षात कसे चालतात ते पाहण्यासाठी अधिक उपयोगी आहे. गुरुवारी निफ्टी ९,५९०.१५ वर बंद झाला होता. त्याचे दहा टक्के म्हणजे साधारण ९५९ अंक, म्हणून शुक्रवारची पहिली रेषा ८,६३१ च्या आसपास पडत होती. बाजार सव्वानऊला उघडला आणि अवघ्या पाच मिनिटांत निफ्टी ८,६२४ वर आला. सेन्सेक्सची घसरण त्या वेळी साडेनऊ टक्क्यांच्याही थोडी अलीकडे होती, म्हणजे त्याने रेषा गाठलेली नव्हती, तरीही निफ्टीने गाठली एवढे पुरेसे होते आणि दोन्ही बाजार थांबले. ९.२० पासून १०.०५ पर्यंत पूर्ण विश्रांती, त्यानंतर १०.२० पर्यंत पंधरा मिनिटांचे एक विशेष सत्र आणि मग नेहमीचे व्यवहार, असा तो क्रम होता. २३ तारखेला हाच क्रम ९.५८, १०.४३ आणि १०.५८ असा झाला, फक्त त्या दिवशी रेषा सेन्सेक्सने ओलांडली आणि निफ्टी मागे राहिला.

व्यवहार मुळात थांबवावेत कशासाठी, हे समजण्यासाठी मोबाइलवर दिसणारा 'भाव' कसा बनतो ते आधी पाहावे लागते. स्क्रीनवरचा आकडा म्हणजे शेवटचा सौदा ज्या दराला झाला तो दर, त्याहून अधिक काही नाही. समजा एका कंपनीच्या शेअरला या घडीला तीन गिऱ्हाइके उभी आहेत: एकाला ५०० रुपयांना २०० शेअर हवे आहेत, दुसऱ्याला ४९६ रुपयांना १०० आणि तिसऱ्याला ४८० रुपयांना ३००. आता कोणी घाबरून 'मिळेल त्या भावाने' ६०० शेअर विकायला काढले, तर ती विक्री पहिल्या दोन गिऱ्हाइकांना संपवून तिसऱ्यापर्यंत पोहोचते आणि शेवटचा सौदा ४८० ला होतो. स्क्रीनवर चार टक्क्यांची घसरण दिसते. कंपनीच्या धंद्यात त्या क्षणी काहीही बदललेले नसते. फक्त ५०० आणि ४८० यांच्या मध्ये गिऱ्हाइके विरळ होती. शांत दिवशी ही जागा लगेच भरून निघते. धसक्याच्या दिवशी मात्र खरेदीसाठी उभे असलेले लोकही आपल्या ऑर्डर मागे घेतात, कारण दोन मिनिटांनी आणखी स्वस्त मिळेल असे प्रत्येकाला वाटते. मग थोड्याशा विक्रीनेही भाव पायऱ्या गाळत खाली जातो.

याच्याच जोडीला उसनवारीचा प्रश्न येतो, आणि माझ्या मते बाजार थांबवण्याचे खरे कारण इथेच आहे. वायदे बाजारात एखादा माणूस पाच लाखांचा सौदा एक लाख रुपये अनामत ठेवून करू शकतो, असे उदाहरणापुरते धरू. या अनामतीला मार्जिन म्हणतात. भाव दहा टक्के उतरला की त्याचे पन्नास हजार गेले, म्हणजे निम्मे मार्जिन खलास झाले. आता ब्रोकर त्याच्याकडे आणखी पैसे मागतो. पैसे वेळेत आले नाहीत तर ब्रोकर त्याचा सौदा त्याच्या वतीने विकून टाकतो, कारण तसे न केल्यास तोटा ब्रोकरच्या अंगावर येतो. हा विक्रेता भाव पाहून विकत नाही, त्याला विकणे भाग असते. त्याच्या विक्रीने भाव आणखी उतरतो आणि त्याच्या शेजारच्या माणसाचे मार्जिन कमी पडू लागते. अशी सक्तीची विक्री एकदा साखळीने सुरू झाली की शेअर स्वस्त आहे की महाग, हा प्रश्नच कोणी विचारत नाही. पंचेचाळीस मिनिटांच्या विश्रांतीत बँकेतून पैसे हलवता येतात, ब्रोकरला कोणाचे किती कमी पडते आहे याचा हिशेब लावता येतो, आणि ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांना कोणता शेअर कितीला घेणे परवडेल हे बसून ठरवता येते. विकणाऱ्याला विकण्यासाठी काही सेकंद लागतात, पण घेणाऱ्याला विचार करायला आणि पैसे आणायला वेळ लागतो. धसक्याच्या दिवशी या दोन वेगांमधले अंतर फार वाढते, आणि विश्रांती ते अंतर थोडे कमी करते.

विश्रांतीनंतरच्या पंधरा मिनिटांच्या सत्राकडे बहुतेकांचे लक्षच जात नाही, पण सगळ्या यंत्रणेतला सर्वांत विचारपूर्वक घडवलेला भाग तोच आहे. एरवी बाजारात सौदे अखंड चालू असतात, म्हणजे एक ऑर्डर आली, समोर जोडीदार सापडला की लगेच सौदा. या लिलावाच्या सत्रात तसे होत नाही. सगळ्यांच्या ऑर्डर आधी गोळा केल्या जातात आणि मग प्रत्येक शेअरसाठी असा एकच भाव काढला जातो, ज्याला जास्तीत जास्त शेअरचे सौदे होऊ शकतील. आपल्या बंदरावरच्या मासळीच्या लिलावाशी याचे अर्धेच साम्य आहे. तिथे एका टोपलीवर बोली चढत जाते आणि एकाच गिऱ्हाइकाच्या पदरी माल पडतो. इथे सगळ्या टोपल्या आणि सगळी गिऱ्हाइके एकदम समोर मांडून एकच दर ठरतो.

तो दर कसा निघतो ते आकड्यांतच पाहावे. समजा एका शेअरसाठी खरेदीच्या ऑर्डर अशा आहेत: ४९० रुपयांपर्यंत द्यायला तयार असलेले ३०० शेअर, ४८५ पर्यंतचे ४०० आणि ४८० पर्यंतचे ५००. विक्रीच्या ऑर्डर अशा आहेत: ४७५ किंवा वर मिळाले तर २०० शेअर, ४८० किंवा वर ४००, ४८५ किंवा वर ३०० आणि ४९० किंवा वर ४००. भाव ४८० धरला तर घेणारे १,२०० होतात, पण विकणारे ६००च, म्हणून ६०० शेअरचा सौदा होईल. ४९० धरला तर विकणारे १,३०० होतात आणि घेणारे केवळ ३००. ४८५ धरला तर घेणारे ७०० आणि विकणारे ९००, म्हणजे ७०० शेअरचा सौदा होतो आणि यापेक्षा मोठा आकडा दुसऱ्या कोणत्याच भावाला निघत नाही. म्हणून भाव ४८५. ज्याने ४९० द्यायची तयारी दाखवली होती त्यालाही ४८५ लाच मिळतात, आणि जो ४७५ लाही विकायला तयार होता त्याच्याही हाती ४८५ पडतात. घाबरलेल्या एका माणसाची मोठी विक्री इथे एकटी पायऱ्या गाळत खाली जाऊ शकत नाही, कारण तिच्या समोर एका वेळी एकच गिऱ्हाईक नसते, सगळी गिऱ्हाइके उभी असतात.

घड्याळाचा नियम जरा किचकट आहे, म्हणून फक्त त्याचा कल सांगतो. दहा टक्क्यांची रेषा दुपारी एकच्या आधी ओलांडली तर विश्रांती ४५ मिनिटांची, एक ते अडीचच्या दरम्यान ओलांडली तर १५ मिनिटांची, आणि अडीचनंतर ओलांडली तर विश्रांतीच नाही. पंधरा टक्क्यांना हीच विश्रांती लांबते: एकच्या आधी पावणेदोन तास, एक ते दोनच्या दरम्यान ४५ मिनिटे, आणि दोननंतर ओलांडली तर त्या दिवसाचा बाजार संपतो. वीस टक्क्यांना, वेळ कोणतीही असो, बाजार दिवसभरासाठी बंद होतो. अडीचनंतर दहा टक्क्यांची घसरण झाली तरी बाजार चालू का ठेवतात, असा प्रश्न मलाही सुरुवातीला पडला होता. पण बाजार साडेतीनला बंद होतो, आणि विश्रांती व लिलाव यांत उरलेला तास गेला तर लोकांना आपले सौदे मोकळे करण्याची संधीच मिळणार नाही आणि ते ओझे घेऊनच रात्र काढावी लागेल. घसरणीच्या दिवशी दार बंद करणे हे दार उघडे ठेवण्याइतकेच महागात पडू शकते.

आता या उपायाच्या मर्यादा. १३ मार्चला १०.२० ला व्यवहार सुरू झाल्यावर निफ्टी आणखी उतरून ८,५५५ पर्यंत गेला, मग वळला आणि संध्याकाळी ९,९५५.२० वर, म्हणजे आदल्या दिवसापेक्षाही ३६५ अंक वर बंद झाला. हे पाहून अनेकांनी सर्किट ब्रेकरने बाजार वाचवला असे म्हटले. २३ मार्चला तोच नियम, तितकीच विश्रांती आणि तसाच लिलाव झाला, तरी सेन्सेक्स थांबलेल्या ठिकाणाहून, म्हणजे सुमारे २६,९२४ वरून, आणखी घसरत २५,९८१ वर बंद झाला. दिवसाची घसरण १३ टक्क्यांहून अधिक होती. पंधरा टक्क्यांची रेषा बंदच्या वेळी आणखी साडेपाचशे अंक खाली होती. म्हणून विश्रांतीमुळे भाव वर जातो असे मानायला आधार नाही. घसरणीमागे खरे कारण असेल, जसे त्या आठवड्यात देशच बंद होऊ लागला होता, तर विश्रांतीनंतरही भाव खालीच जातो आणि तो जायलाच हवा. विश्रांती जे टाळू शकते ते एवढेच, की विरळ गिऱ्हाईक आणि सक्तीची विक्री यांमुळे भाव योग्य पातळीच्याही खूप खाली फेकला जाऊ नये.

रेषा चुकीच्या जागी आखली तर हाच उपाय उलटतो, हे चीनने २०१६ च्या जानेवारीत अनुभवले. तिथे पाच टक्क्यांना पंधरा मिनिटांची विश्रांती आणि सात टक्क्यांना दिवसभराची बंदी, असा नियम वर्षाच्या सुरुवातीला लागू झाला. पहिल्याच व्यवहार दिवशी, ४ जानेवारीला, बाजार पाच टक्के पडला, थांबला, उघडला आणि थोड्याच वेळात सात टक्क्यांवर जाऊन बंद पडला. ७ जानेवारीला तर उघडल्यापासून अर्ध्या तासाच्या आत दिवस संपला, आणि दुसऱ्या दिवसापासून नियमच स्थगित करण्यात आला. कारण उघड आहे. पाच टक्क्यांनंतर प्रत्येकाला दिसत होते की आणखी दोन टक्क्यांवर दार बंद होणार आहे आणि आपण आत अडकणार आहोत, म्हणून जो एरवी उद्यापर्यंत थांबला असता तोही विकायला धावला. रेषा जवळ आली की ती भावाला स्वतःकडे ओढू लागते. भारतात पहिल्या रेषेपर्यंत दहा टक्के आणि तिथून पुढच्या रेषेपर्यंत पाच टक्के जागा असल्याने ही ओढ तुलनेने कमी जाणवते, पण ती अजिबात नसते असे मी म्हणणार नाही.

मामेभावाने त्या दिवशी आणखी एक प्रश्न विचारला होता, आणि तो गोंधळ आजही सर्रास दिसतो: "लोअर सर्किट लागला म्हणजे ह्याच ना?" नाही, ते वेगळे प्रकरण आहे. एकेका शेअरला दिवसाच्या चढ-उताराची २, ५, १० किंवा २० टक्क्यांची मर्यादा असते आणि त्या मर्यादेच्या खाली त्या शेअरची ऑर्डरच स्वीकारली जात नाही. तिथे व्यवहार बंद नसतात. कोणी त्या तळाच्या भावाला घ्यायला आला तर सौदा होतो; अडचण एवढीच की कोणी येत नाही आणि विकणाऱ्यांची रांग वाढत जाते. पाच टक्क्यांची मर्यादा असलेला १०० रुपयांचा शेअर रोज तळाला लागत गेला तर पाचव्या दिवशी ७७ रुपयांच्या आसपास येतो, आणि या पाचही दिवसांत मालकाला एक शेअरही विकता आलेला नसतो असे होऊ शकते. ज्या शेअरवर वायदे व ऑप्शन चालतात त्यांना अशी पक्की मर्यादा नसते. त्यांची मर्यादा दहा टक्क्यांपासून सुरू होते आणि भाव त्या दिशेने जात राहिला तर ठरलेल्या पद्धतीने ती सैल केली जाते.

तांत्रिक बिघाड हे तिसरे प्रकरण. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजारातले व्यवहार तांत्रिक अडचणीमुळे पावणेबाराच्या सुमारास थांबले आणि संध्याकाळी पाचपर्यंत वाढवून दिलेल्या वेळेत पूर्ण करावे लागले. त्या दिवशी मुंबई शेअर बाजार मात्र चालू होता. ओळखण्याची खूण हीच आहे. सर्किट ब्रेकर पडला तर दोन्ही बाजार एकाच वेळी थांबतात आणि दोहोंपैकी निदान एक निर्देशांक दहा, पंधरा किंवा वीस टक्क्यांच्या रेषेवर दिसतो. निर्देशांक तीन-चार टक्केच हलला असेल आणि भाव थिजले असतील, तर दोष बाजाराच्या यंत्रणेत, ब्रोकरच्या यंत्रणेत किंवा आपल्या इंटरनेटमध्ये शोधावा. आमच्याकडे पावसाळ्यात तर बहुधा शेवटचेच निघते.

बाजार थांबलेला असताना आपल्या हातात काय उरते, याबाबत स्टॉप-लॉसवर विसंबणाऱ्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. भाव अमुक पातळीच्या खाली आला की माझे शेअर विका, अशी ती सूचना असते, आणि सौदेच होत नसताना ती काहीही करू शकत नाही. समजा मामेभावाने ४७० रुपयांना जागी होणारी आणि ४६८ च्या खाली न विकणारी सूचना दिलेली आहे. बाजार थांबला तेव्हा शेअर ४७६ वर होता आणि लिलावानंतर तो ४५५ वर उघडला. सूचना जागी होते, विक्रीची ऑर्डर ४६८ ला लागते, पण बाजारात ४६८ देणारा कोणीही नसतो, म्हणून शेअर त्याच्याकडेच राहतात आणि भाव खाली जात राहतो. किमान भावाची अट काढून टाकली असती तर विक्री झाली असती, पण ४५५ च्या आसपास. त्यातही, विश्रांतीपूर्वी टाकलेली ऑर्डर अजून शिल्लक आहे असे गृहीत धरू नये. लिलावाचे सत्र सुरू होताच ऑर्डर बुक उघडून पाहावे आणि ती दिसत नसेल तर नवीन टाकावी.

म्युच्युअल फंडात दरमहा हप्ता भरणाऱ्याला यातले जवळजवळ काहीच जाणवत नाही, कारण त्याच्या युनिटची किंमत दिवसाच्या बंद भावांवरून निघते आणि मधल्या पंचेचाळीस मिनिटांचा तिच्याशी थेट संबंध येत नाही. मामेभावाचा एक हप्ता अशाच फंडात जात होता, आणि १०.५८ ला भाव पुन्हा हलू लागले तेव्हा त्याने फोन करून फक्त तेवढेच विचारून घेतले. मग तो पेट्या भरायला गेला.